लिस्टिंगवर फॅक्टरी दाखवतंय, गेल्यावर ऑफिस निघतंय : माल उतरवायचा खरा पत्ता कसा काढायचा

आमचं छत्रपती संभाजीनगरच्या चिकलठाणा एमआयडीसीत छोटं मशीन शॉप आहे, गिअर कपलिंग, शाफ्ट, असली कामं. गिऱ्हाईक जास्त करून वाळूज, शेंद्रा आणि जालन्याचं. डिस्पॅच मीच बघतो. आणि दर महिन्या-दोन महिन्याला एकदा तरी हे होतंयच, की मॅपवर किंवा कुठल्या तरी बीटूबी लिस्टिंगवर कंपनीचा पत्ता बघून टेम्पो पाठवावा आणि तिकडून ड्रायव्हरचा फोन यावा की इथं कंपनी नाहीच. आता माझी एक पद्धत बसलीय, ती लिहून ठेवतो, कारण नवीन पोरगा जॉईन झाला की त्याला परत पहिल्यापासून सगळं सांगावं लागतं.

आधी ती केस सांगतो जिच्यामुळं मी हे सगळं शोधायला लागलो. जालन्याची एक रोलिंग मिल, नाव लिहीत नाही. दोन गिअर कपलिंगची ऑर्डर, एकेक नग दीडशे किलोच्या आसपास. पीओ, म्हणजे लेखी ऑर्डर, मेलवर आला, त्यात वर लेटरहेडवर एक पत्ता, खाली डिलिव्हरीच्या रकान्यात फक्त "At our works" असं लिहिलेलं, पत्ता काही नाही. मी नाव टाकून शोधलं तर तीन पत्ते निघाले. एक आपल्या शहरातला, अदालत रोडवरच्या एका कॉम्प्लेक्समधला, त्याच्या खाली चक्क "Manufacturer" असं लिहिलेलं आणि फोटोत रॉडचे बंडल. दुसरा जालना एमआयडीसीचा, पिन रस्त्याच्या मधोमध, ना फोटो ना फोन. तिसरा मुंबईचा. मी म्हटलं फोटो आहे, फोन आहे, रिव्ह्यू आहेत, म्हणजे पहिलाच बरोबर असणार. छोटा हत्ती भरला, माल नेताना सोबत लागतं ते ई-वे बिल केलं आणि दिला पाठवून.

पाऊण तासात ड्रायव्हरचा फोन. "भाऊ, हितं कंपनी न्हाई, खाली सगळी दुकानंच हायेत. वॉचमन म्हणतोय तिसऱ्या मजल्यावर ऑफिस हाय, तिथं नेऊन ठिवा." तीनशे किलो लोखंड तिसऱ्या मजल्यावर, लिफ्टवर "४ व्यक्ती" लिहिलेलं. वर गेला तर अकाउंटवाल्या मॅडम म्हणाल्या माल जालन्याला लागतो, इथं फक्त बिलं घेतो.

आता मागं वळून बघितलं तर एक इशारा तेव्हाच मिळाला होता, मीच बघितला नाही. ई-वे बिल करताना पोर्टल दोन्ही पिनकोडवरून अंतर स्वतः काढून दाखवतंय. तिथं आठ-नऊ किलोमीटर आलं होतं. जालना असतं तर साठच्या आसपास आलं असतं. रोलिंग मिल आणि ती पण अदालत रोडवर, नऊ किलोमीटरवर, हे डोक्यात यायला पाहिजे होतं. तर पहिली सवय ही लावून घ्या, अंतराचा आकडा आला की "एवढ्या अंतरावर असली फॅक्टरी असू शकते का" हे एकदा मनाला विचारा.

हा घोळ होतो कशामुळं

मला आधी वाटायचं लिस्टिंगवाले चुकीचं टाकतात. तसं नाही, बऱ्याचदा पत्ता शंभर टक्के खरा असतो, सरकारी नोंदीतून उचललेला असतो, फक्त तो ज्या कामाचा आहे ते काम आपलं नसतंय. एका कंपनीचे तीन-चार पत्ते असतात आणि प्रत्येक नोंदीत त्यातला वेगळा घेतलेला असतो, आणि लिस्टिंगवर पत्त्याचा रकाना एकच. मग जो हाताला लागला तो त्यात बसतो.

कंपनी कायद्याच्या नोंदीत, म्हणजे एमसीएच्या साईटवर, जो असतो तो रजिस्टर्ड ऑफिसचा. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या कलम १२ मध्ये रजिस्टर्ड ऑफिसचं काम काय तर पत्रं आणि नोटिसा घेता आल्या पाहिजेत. बस्स. तिथं मशीन असायलाच पाहिजे असं काही नाही, टेबल-खुर्ची पण पुरते. आपल्याकडच्या छोट्या प्रायव्हेट लिमिटेड कंपन्यांत तर रजिस्टर्ड ऑफिस म्हणजे डायरेक्टरचं घर, नाहीतर सरळ सीएचं ऑफिस. मी एकदा समर्थनगरात एका "केमिकल फॅक्टरी"ला गेलो होतो, दारात तुळस होती आणि आजीनं पाणी विचारलं.

जीएसटीच्या नोंदीत जो पहिला दिसतो तो Principal Place of Business. जीएसटी कायद्याच्या कलम ३५ प्रमाणं हिशेबाची वह्या-पुस्तकं तिथं ठेवायची असतात. म्हणून ज्यांचं अकाउंट शहरात बसतंय ते शहरातलं ऑफिसच प्रिन्सिपल म्हणून टाकतात आणि फॅक्टरी Additional Place मध्ये जाते. आमच्या त्या मिलचं नेमकं हेच होतं.

आणि कॉर्पोरेट ऑफिस हा तर असा वेगळा नोंदणीचा प्रकारच नाही, जिथं मोठे साहेब बसतात ते. ते मुंबईत असेल, पुण्यात असेल, नाहीतर फॅक्टरीच्याच आवारात पुढच्या बिल्डिंगीत असेल.

इथं बरेच जण एक चूक करतात, मीही करायचो, की रजिस्टर्ड म्हणजे मुंबईचं ऑफिस आणि खेड्यातला पत्ता म्हणजे फॅक्टरी. बजाज ऑटोचं बघितलं तर बरोबर वाटतं, रजिस्टर्ड ऑफिस आकुर्डीला आणि प्लांट आपल्या वाळूजला. पण गरवारे हाय-टेक फिल्म्सचं बघा, रजिस्टर्ड ऑफिस नायगाव, पोस्ट वाळूज, आणि कॉर्पोरेट ऑफिस विलेपार्ल्याला. म्हणजे रजिस्टर्ड आपल्याकडं आणि साहेब मुंबईत, उलटंच. एंड्युरन्सचं तर रजिस्टर्ड ऑफिसच वाळूज एमआयडीसीत. त्यामुळं "Regd. Office" शब्दावरून फॅक्टरी आहे का नाही हे काहीच कळत नाही, हो पण नाही आणि नाही पण नाही.

यात आपल्याकडं अजून एक भर पडली ती नावं बदलल्याची. २०२३ ला औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर झालं, उस्मानाबादचं धाराशिव. मग काही कंपन्यांची जुन्या नावाची एक लिस्टिंग आणि नव्या नावाची एक. ऑफिसवाल्यांनी नव्या नावाची बनवली, फॅक्टरीची जुन्या नावानं कुणी तरी ड्रायव्हरनं कधी काळी टाकलेली तशीच पडून. शोधताना दोन्ही नावं टाकून बघा, बऱ्याचदा फॅक्टरीचा पिन जुन्या नावाखाली सापडतोय.

जीएसटी नंबरवरून कुठपर्यंत कळतं

पीओवर, बिलावर जीएसटी नंबर असतोच, म्हणून मी सुरुवात तिथून करतो. नंबर असा असतो, हा नुसता नमुना आहे:

```
27AAAAA0000A1Z5
```

पहिले दोन आकडे राज्याचे, २७ म्हणजे महाराष्ट्र. पुढचे दहा कंपनीचा पॅन. त्यानंतरचा एक अंक म्हणजे त्या राज्यात त्या पॅनवरची कितवी नोंदणी. आता लक्ष द्या, सहसा एका राज्यात एकच नोंदणी घेतात, म्हणजे नरिमन पॉइंटचं कॉर्पोरेट ऑफिस आणि जालन्याची फॅक्टरी दोन्हींचा जीएसटी नंबर अगदी सेम. त्यामुळं "नंबर जुळला म्हणजे पत्ता बरोबर" हे महाराष्ट्राच्या आत चालत नाही. ऑफिस गुजरातेत आणि फॅक्टरी इथं असेल तर मात्र एकाला २४ लागेल, एकाला २७, तिथं लगेच फरक कळतो.

जीएसटी पोर्टलवर Search Taxpayer मध्ये जाऊन नंबर टाकायचा. लॉगिन लागत नाही, कॅप्चा टाकला की कंपनीचं नाव, नोंदणी चालू आहे का बंद, आणि प्रिन्सिपल पत्ता येतो. खाली Nature of Business Activities असा रकाना असतो आणि त्यात "Factory / Manufacturing" दिसलं की माणूस खूश होतो. इथंच माझा दुसऱ्यांदा पाय घसरला. तो रकाना पूर्ण नोंदणीचा असतो, वरच्या त्या एका पत्त्याचा नसतो. त्या मिलच्या नोंदीत फॅक्टरी, ऑफिस, गोडाऊन तिन्ही लिहिलेलं होतं आणि वर पत्ता मात्र तिसऱ्या मजल्याचा. म्हणजे या कंपनीची फॅक्टरी कुठं तरी आहे एवढंच त्यातून कळतं, ती याच पत्त्यावर आहे हे नाही.

मग करायचं काय, तर पार्टीकडून जीएसटी सर्टिफिकेटची पीडीएफ मागून घ्यायची. नवीन पार्टी उघडताना आपण ती तशीही घेतोच, फक्त सगळेजण पहिलं पान बघून फाईल बंद करतात. पुढं Annexure A असतं, त्यात अ‍ॅडिशनल जागांची यादी असते, तिथं फॅक्टरी, गोडाऊन, सगळं ओळीनं लिहिलेलं. मिलच्या त्या पानावर जालना अ‍ॅडिशनल एमआयडीसीचा प्लॉट होता आणि खाली एक गोडाऊन होतं. समोरच्यानं फक्त पहिलं पान स्कॅन करून पाठवलं तर परत मागा, लाजू नका, त्यांच्याकडं पूर्ण फाईल असतेच.

पत्ता वाचायचा कसा

नुसता पत्ता वाचून पण बरंच कळतं, पण प्रत्येक खुणेला अपवाद आहे हे धरून चाला.

मजला, विंग, शॉप नंबर, ऑफिस नंबर, "कॉम्प्लेक्स", "आर्केड" असलं काही असेल तर तिथं रोलिंग मिल नसते, एवढं नक्की. याला अपवाद मी अजून बघितला नाही, बारीक इलेक्ट्रॉनिक्सचं असेंब्लीचं काम करणारे गाळे सोडले तर.

"प्लॉट नं." आणि पुढं अक्षर-आकडा, जसं वाळूजला के, एल, एम, डब्ल्यू अशी सेक्टरची अक्षरं, हे एमआयडीसीचं. तिथं फॅक्टरी असण्याची शक्यता जास्त, पण एमआयडीसीत पण नुसती ऑफिसं, ट्रान्सपोर्टवाले, बँका, कँटीन असतातच. "गट नं." म्हणजे एमआयडीसीच्या बाहेर शेतजमिनीवर उठलेलं बांधकाम, पैठण रोड, बीड बायपासच्या पुढं असं खूप दिसतं, तिथं फॅक्टरी, गोडाऊन किंवा जिनिंग काहीही असू शकतं. आणि जुन्या कंपन्यांच्या पत्त्यात "अमुक किलोमीटर स्टोन, पैठण रोड" असं असेल तर ती साईटच असते, ऑफिसवाले मैलाचा दगड कधी लिहीत नाहीत.

लेटरहेडवर "Works" लिहिलेलं असेल तर तेच आपल्याला पाहिजे ते, जुन्या लोकांचा शब्द आहे, फॅक्टरीला वर्क्स. "Regd. Office & Works" असं एकत्र असेल तर एकच पत्ता, विषय संपला. पण "H.O." आणि "Works" वेगळे असतील आणि पीओ एचओवरून आला असेल तर डोळे उघडे ठेवा.

पिनकोडवर फार विसंबू नका. ४३१००१ किंवा ४३१००५ दिसलं तर शहरातला भाग, जालना ४३१२०३, वाळूज एमआयडीसी ४३११३६, एवढं ढोबळ कळतं. पण पिन हा पोस्टाचा असतो, फॅक्टरीचा नाही. ४३११३६ मध्ये कंपन्या पण येतात आणि बजाजनगरच्या रहिवासी कॉलन्या पण. ४३१००५ मध्ये उस्मानपुरा पण येतो आणि रेल्वे स्टेशनजवळची जुनी एमआयडीसी पण. आणि बाहेरच्या ट्रान्सपोर्टला वाळूजचा पत्ता देताना "पंढरपूर" शब्द आला की मी कायम "वाळूजजवळचं" असं पुढं लिहितो, एकदा नगरकडून येणाऱ्या ड्रायव्हरनं पंढरपूर म्हटल्यावर विठोबाच्या पंढरपूरचा रस्ता विचारला होता, नशीब फोनवर विचारला.

कुठल्या नोंदीत फॅक्टरीचाच पत्ता असतोय

हे मला एका सळईच्या डीलरनं शिकवलं. त्याला मी सांगत होतो की मिलचा पत्ता काही सापडंना, तो म्हणाला, "अरे त्यांचीच सळई माझ्याकडं पडलीय की, टॅग बघ ना." सळईला आयएसआय मार्क लागतो, आणि त्या मार्कासोबत CM/L पासून सुरू होणारा लायसन्स नंबर असतो. बीआयएसचं ते लायसन्स कंपनीला सरसकट मिळत नाही, ज्या कारखान्यात माल बनतो त्या जागेला मिळतं. दोन ठिकाणी मिल असेल तर दोन लायसन्स. मोबाईलवर BIS Care ॲप आहे, त्यात लायसन्स तपासायचा ऑप्शन आहे, नंबर टाकला की बनवणाऱ्याचं नाव आणि पत्ता येतो. मी टाकला, जालना अ‍ॅडिशनल एमआयडीसी, प्लॉट नंबरसकट, जीएसटीच्या Annexure A मध्ये होता तोच.

यात एकच गोची होते. सळईचे काही ब्रँड असे असतात की ब्रँड एकाचा आणि रोलिंग दुसऱ्याच मिलमध्ये. तिथं ॲपवर जे नाव येतं ते बनवणाऱ्याचं येतं, ब्रँडवाल्याचं नाही. म्हणजे पीओ ज्यानं दिलाय त्या नावाशी ॲपवरचं नाव अक्षरशः जुळतंय का बघा, नसेल जुळत तर तो पत्ता आपल्या कामाचा नाही.

हेच तत्त्व दुसऱ्या मालाला लावता येतं. खायच्या वस्तूंचं असेल तर पाकिटावर एफएसएसएआयचा १४ अंकी नंबर, ते लायसन्स पण जागेवर मिळतं. फक्त पाकिटावर दोन नंबर असू शकतात, एक मार्केटिंग करणाऱ्याचा आणि एक बनवणाऱ्याचा, "Mfd. by" च्या पुढचा घ्यायचा, "Marketed by" च्या पुढचा नाही. औषधांच्या पट्टीवर पण बनवणाऱ्याचा पत्ता छापलेला असतो. आणि प्रदूषण मंडळाचं संमतीपत्र, जे इंडस्ट्रीवाले "कन्सेंट" म्हणतात, ते पण प्लॉटसाठीच असतं, कारण धूर आणि सांडपाणी ऑफिसातून निघत नाही.

कंपनी शेअर बाजारात लिस्टेड असेल तर याहून सोपं. त्यांच्या वार्षिक अहवालात कॉर्पोरेट गव्हर्नन्सच्या भागात "Plant Locations" असं द्यावंच लागतं आणि पत्रव्यवहाराचा पत्ता वेगळा द्यावा लागतो. पीडीएफ उघडायची, शोधमध्ये plant टाकायचं, दोन मिनिटांचं काम. आपल्याकडच्या मोठ्या कंपन्यांना मी आता मॅप बघतच नाही, सरळ अहवाल बघतो. तरी पण तिथं वाळूजमध्ये तीन प्लांट लिहिलेले असतील तर त्यातला आपला कोणता हे अहवाल सांगत नाही, ते पुढच्या फोनवरच कळतं.

सॅटेलाईटवरून खात्री

कागदावरून प्लॉट मिळाला की मॅपवर सॅटेलाईट व्ह्यू लावायचा. फॅक्टरी वरून ओळखू येते. लांबलचक शेड, पत्र्याची छपरं, आत ट्रक वळेल एवढी मोकळी जागा, गेटपाशी वजनकाट्याचा लांबट चौकोन. रोलिंग मिल असेल तर आवारात गंजलेल्या रंगाचा भंगाराचा किंवा बिलेटचा ढीग दिसतोच. त्या मिलचा रस्त्याच्या मधोमध पडलेला पिन होता ना, त्याच्या साधारण दोनशे मीटर मागं ही सगळी लक्षणं असलेलं आवार होतं. म्हणजे पिन चुकीचा होता पण गल्ली बरोबर होती. अदालत रोडच्या पिनवर सॅटेलाईट लावला तर एक चौकोनी गच्ची आणि त्यावर पाण्याच्या टाक्या, हे आधीच बघितलं असतं तर डिझेल वाचलं असतं.

लिस्टिंगवरचे फोटो पण नीट बघा. मालाचे फोटो कुणीही कुठूनही टाकतंय, त्यावर जाऊ नका. गेटचा फोटो शोधा, बोर्डचा शोधा. जीएसटीच्या नियमानं नोंदलेल्या प्रत्येक जागेच्या दारावरच्या बोर्डवर जीएसटी नंबर लिहावा लागतो, पण आधी म्हटलं तसं नंबर सगळीकडं सेम, म्हणून बोर्डवर नंबराच्या खाली "Unit" किंवा प्लॉट काय लिहिलंय ते वाचा. रिव्ह्यूत ड्रायव्हर लोकांनी लिहिलेलं असेल तर सोनं समजा, "गाडी खाली करायला चार तास लावले" असली शिवी ज्या लिस्टिंगखाली असेल ती शंभर टक्के फॅक्टरी. ऑफिसच्या लिस्टिंगखाली "nice staff" असतं.

शेवटी फोन, पण प्रश्न बरोबर विचारा

हे सगळं झालं तरी गाडी सोडायच्या आधी एक फोन लागतोच. आणि इथं पण लोक चुकतात. पीओवरच्या नंबरवर फोन करून "तुमची फॅक्टरी कुठंय?" विचारलं की समोरची व्यक्ती ऑफिसात बसून "जालन्याला" एवढं सांगते आणि फोन ठेवते. नाहीतर "पत्ता पाठवा" म्हटलं की लेटरहेडचा फोटो पाठवते, म्हणजे आपण परत तिथंच.

मी असं विचारतो. "मॅडम, माल उतरवायचाय, गेट एंट्री कोणत्या गेटला होते? स्टोअरवाल्यांचा नंबर द्या." स्टोअरचा नंबर मिळाला की काम झालं, कारण स्टोअरवाला फॅक्टरीतच बसतो, ऑफिसात स्टोअर नसतं. त्याला विचारायचं, काटा आत आहे का बाहेरच्या काट्यावर करायचा, क्रेन किंवा फोर्कलिफ्ट आहे का, किती वाजेपर्यंत इनवर्ड घेता. या प्रश्नांची उत्तरं जो पटापट देतो तो माणूस खऱ्या जागेवर बसलेला असतो. जो "थांबा विचारून सांगतो" म्हणतो तो ऑफिसात. मिलच्या स्टोअरवाल्यानं सांगितलं, "पुढच्या गेटला येऊ नका, तिथं फक्त तयार माल निघतोय, मागच्या गेटला या, चारच्या आत या, नंतर इनवर्ड बंद." ही गोष्ट जगातल्या कुठल्याच नोंदीत सापडली नसती.

मग त्यालाच म्हणायचं व्हॉट्सॲपवर लोकेशन टाका. करंट लोकेशन, सेव्ह केलेलं नाही. सेव्ह केलेलं टाकलं तर तो पण मॅपवरचा चुकलेला पिनच पाठवतो, हे पण होऊन गेलंय माझ्याबरोबर.

गाडी चुकीच्या पत्त्यावर गेलीच असेल तर

ई-वे बिलात पत्ता नंतर दुरुस्त होत नाही, फक्त गाडी नंबर, म्हणजे पार्ट बी बदलता येतो. बिल केल्यापासून २४ तासांच्या आत रद्द करता येतं, वाटेत कुठल्या अधिकाऱ्यानं तपासलेलं नसेल तर. आम्ही त्या दिवशी ड्रायव्हरला तिथंच चहा प्यायला लावून थांबवलं, जुनं बिल रद्द केलं, नवीन केलं. जुन्या बिलावर जालन्याला जाऊ दे म्हणायचा मोह होतो, जाऊ देऊ नका, रस्त्यात पकडलं तर दंड जड जातो.

नवीन करताना Bill To मध्ये पीओवरचा अदालत रोडचा पत्ता ठेवला आणि Ship To मध्ये जालन्याचा प्लॉट टाकला. हे दोन रकाने वेगळे असतात ते याचसाठी, पण आपण घाईत दोन्हीकडं एकच ठोकतो. टॅलीत पण पार्टीच्या लेजरमध्ये आता दोन पत्ते ठेवतो, बिलाचा वेगळा, मालाचा वेगळा, म्हणजे पोरानं पुढच्या वेळी बिल काढलं तर आपोआप बरोबर येतं. नंतर कळलं की मिलवाल्यांची चूक नव्हतीच तेवढी, त्यांच्या सिस्टीममध्ये शिप-टू होता, पीओच्या पीडीएफ फॉरमॅटमध्ये तो छापलाच जात नव्हता.

लिस्टिंग दुरुस्त करायची असेल तर मॅपवर Suggest an edit मधून करता येते. पण ऑफिसचा पत्ता काढून त्या जागी फॅक्टरीचा टाकू नका, तो पत्ता त्यांच्या ऑफिससाठी खराच आहे, उद्या चेक घ्यायला कुणी जाईल ते जालन्याला जाऊन बसेल. मी फक्त अदालत रोडवाल्याची कॅटेगरी "Corporate office" करा म्हणून टाकलं आणि जालन्याच्या पिनला ओढून गेटवर आणायचं टाकलं. पिनचं आठवड्यात मान्य झालं. कॅटेगरीचं अजून नाही, बहुतेक ऑफिसवाल्यांनीच ती लिस्टिंग क्लेम केलेली असणार आणि त्यांना "Manufacturer" च बरं वाटत असणार.

आमच्या ड्रायव्हरनं मात्र त्याच्या मोबाईलमध्ये स्टोअरवाल्याचा नंबर "जालना मागचं गेट चार वाजता" या नावानं सेव्ह केलाय, कंपनीचं नाव त्यानं लिहिलेलंच नाही.